सहाव्या वर्षाची दाढ आणि प्रतिबंधाचे तीन स्तर

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते. त्यासाठी दुधाचा दात पडत नाही. म्हणून पालक तिला दुधाचीच समजतात. ती निरोगी असतानाच फ्लोराइडयुक्त पेस्टने घासणे व दंतवैद्याकडून तिच्या खाचा बुजवून घेणे हा प्राथमिक प्रतिबंध होय. कीड लवकर ओळखून लहान खड्डा भरणे हा द्वितीयक. कीड गाभ्यापर्यंत गेल्यावर मुळाचा उपचार करून दाढ वाचविणे, अथवा काढलेल्या दाढेच्या जागी कृत्रिम दात बसविणे, हा तृतीयक.

स्तर साधनावरून नव्हे, रोगाच्या अवस्थेवरून ठरतो. फ्लोराइडचा लेप निरोगी दाढेवर प्राथमिक, तर किडीचा खडूसारखा पांढरा डाग दिसू लागल्यावर द्वितीयक गणावा. असा डाग दिसताच, दुखण्याची वाट न पाहता, शिक्षकांनी मुलास दंतवैद्याकडे पाठवावे.