दुपारी चारनंतर थांबलेला कंटेनर

न्हावाशेवा बंदरातून भिवंडीच्या गोदामात माल न्यायचा, तर अंतर साठ-पासष्ट किलोमीटरच्या आसपास आहे. कंटेनर कळंबोली, तळोजा, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव या वाटेने जातो. ठाणे शहर हद्दीत अवजड वाहनांना अनेक वर्षे दुपारी १२ ते ४ आणि रात्री ११ ते पहाटे ५ एवढ्याच वेळेत प्रवेश मिळत आला आहे. अधूनमधून नवी अधिसूचना निघून या वेळा बदलतात, पण बंदीची रीत तीच राहते.

समजण्यापुरता एक हिशेब मांडू. बंदराच्या फाटकावर कागदपत्रांना वेळ लागला आणि गाडी दीडला निघाली. कळंबोलीपर्यंत सव्वातीन वाजले आणि शिळफाटा जवळ आला तोवर चार वाजून गेले. पुढे प्रवेश बंद. आता रात्री ११ पर्यंत थांबायचे. बंदराचे फाटक तासभर आधी मोकळे झाले असते, तर जो माल संध्याकाळी गोदामात उतरला असता, तो आता मध्यरात्रीनंतर पोहोचतो. तोवर माथाडी कामगारांची पाळी संपलेली असते, म्हणून गाडी सकाळपर्यंत भरलेलीच उभी राहते. तिची त्या दिवसाची दुसरी खेप बुडते आणि खोळंब्याचा आकार, ज्याला वाहतूकदार ‘डिटेन्शन’ म्हणतात, शेवटी मालाच्या किमतीत मिसळतो.

मग बंदी हवीच कशाला? रस्ता किती वाहने पेलू शकतो हे मोजताना अभियंते मोटारगाडी हे एकक धरतात. शहरी रस्त्यांसाठीच्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९०च्या मार्गदर्शिकेत एक ट्रक २.२ ते ३.७ मोटारींच्या बरोबरीचा धरला आहे. ट्रकची लांबी हे त्याचे एकच कारण नाही. भरलेला ट्रक सिग्नल सुटल्यावर सावकाश वेग घेतो, त्याला थांबायला जास्त अंतर लागते आणि मागची सगळी रांग त्याच्या चालीने चालते. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाला एखादा ट्रेलर बंद पडला, तर तो ओढून नेईपर्यंत दोन्हीकडची वाहतूक कशी तुंबते, हे ठाणेकरांना सांगायला नको. शिवाय चालकाच्या डाव्या बाजूला, अगदी केबिनलगत आलेला दुचाकीस्वार त्याला दिसतच नाही. शाळा आणि कचेऱ्यांच्या वेळेत ही गाडी रस्त्यावर नसावी, ही मागणी रास्तच आहे. मोटार वाहन कायद्याच्या ११५व्या कलमाने तसा अधिकार दिला आहे. बंदी महिन्याहून जास्त काळाची असेल, तर ती राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते.

मात्र बंदीमुळे माल कमी होत नाही, त्याची वेळ तेवढी बदलते. अडवलेल्या ३०० गाड्या एकामागोमाग उभ्या केल्या आणि प्रत्येकीला १८ मीटर जागा धरली, तर रांग ५ किलोमीटरच्या पुढे जाते. उभे राहायला वाहनतळ नसेल, तर ती रांग महामार्गाच्या कडेची मार्गिका खाते. रात्री ११ वाजता सगळ्या एकदम सुटतात. एका मार्गिकेतून दर सहा सेकंदांना एक गाडी निघाली, तरी शेवटची निघायला अर्धा तास लागतो. म्हणून रात्री साडेअकराला घरी परतणाऱ्या माणसालाही कोंडी भेटते, आणि दुपारी बारा वाजताही तेच घडते.

दुसरी पळवाट टेम्पोची. बंदी टाळायला व्यापारी दहा टन माल पाऊण टनाच्या छोट्या टेम्पोंत भरतात. म्हणजे चौदा फेऱ्या. एका ट्रकने अडवली असती त्याच्या कितीतरी पट जागा चौदा टेम्पो अडवतात, आणि तीही ऐन गर्दीत. तयार काँक्रीटला ही पळवाटही नाही. पाणी मिसळल्यापासून साधारण दोन तासांत ते ओतावे लागते, त्यामुळे बांधकामाचे काम रात्रीवर ढकलले जाते आणि शेजाऱ्यांची झोप मोडते.

माझ्या मते बंदी चुकीची नाही, अर्धवट आहे. शहराच्या वेशीवर पाणी, शौचालय आणि झोपायची सोय असलेले वाहनतळ हवेत. गाड्या एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने सोडायला हव्यात आणि बंदराचे फाटकही शहराच्या वेळा पाहून चालायला हवे. सात तास रस्त्यालगत अडकलेल्या चालकाला आपण आज यातले काहीही देत नाही.

वाचकांनीही एवढे करावे. घरसामान मोठ्या ट्रकने हलवायचे असेल किंवा बांधकामाचा माल मागवायचा असेल, तर त्या शहराच्या वाहतूक पोलिसांची चालू अधिसूचना आधी पाहावी आणि रात्री माल उतरवायला सोसायटीची परवानगी आगाऊ घ्यावी.