केवल मूल्याच्या पोटात केवल मूल्य

संख्येचे केवल मूल्य म्हटले की ‘उणे चिन्ह काढून टाका’ एवढेच बहुतेकांच्या लक्षात असते. त्यापेक्षा कामाचा अर्थ अंतराचा आहे. |x − ३| म्हणजे संख्यारेषेवर x आणि ३ यांच्यातले अंतर. कार्ल वायरस्ट्रास या जर्मन गणितज्ञाने १८४१ मध्ये वापरलेल्या या दोन उभ्या रेघा एकमेकींच्या पोटात शिरल्या, की मात्र भलेभले विद्यार्थी गडबडतात.

उदाहरणार्थ, ही असमता पाहा:

||x − ३| − ५| < २

बरेच जण आतल्या रेघांपासून सुरुवात करतात. x हा ३ पेक्षा मोठा की लहान, मग त्या प्रत्येक शक्यतेत बाहेरच्या रेघांच्या आतले धन की ऋण, असे करता करता चार फाटे फुटतात. उत्तर येते, पण पानभर लिहून. बाहेरून सोलत गेले तर काम दोन ओळींचे आहे. त्यासाठी |x − ३| ला काही काळ नुसते d म्हणावे. आता उरते |d − ५| < २. म्हणजे d चे ५ पासूनचे अंतर २ पेक्षा कमी हवे, अर्थात

३ < d < ७

पहिला थर निघाला. आता d च्या जागी मूळ अर्थ परत ठेवायचा: x चे ३ पासूनचे अंतर ३ पेक्षा जास्त आणि ७ पेक्षा कमी हवे. उजवीकडे गेल्यास ६ < x < १०, डावीकडे गेल्यास −४ < x < ०. दोन्ही तुकडे मिळून उत्तर होते.

नेमकी इथेच चूक होते. ३ < |x − ३| < ७ लिहून झाल्यावर घाईत रेघा पुसल्या जातात, ३ < x − ३ < ७ उरते आणि डावा तुकडा हरवतो. ही चूक पकडणे सोपे आहे. मूळ असमतेत x फक्त ३ पासूनच्या अंतरातून येतो, त्यामुळे उत्तर ३ च्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखे सारखे दिसले पाहिजे. शंका असल्यास −२ घालून पाहावे: ३ पासून अंतर ५, त्यातून ५ गेले, उरले ०. ते २ पेक्षा कमीच आहे.

आकड्यांची अदलाबदल केली तर चित्र पालटते. ||x − ३| − २| < ५ मध्ये बाहेरचा थर काढल्यावर −३ < d < ७ येते. अंतर ऋण नसतेच, त्यामुळे −३ ची अट आपोआप पाळली जाते. उरते d < ७, म्हणजे −४ < x < १०. मध्ये खिंड नाही, सलग एकच पट्टा.

चिन्ह उलटे, म्हणजे ‘पेक्षा मोठे’ असेल, तर ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ येते. ||x − ३| − ५| > २ असल्यास d > ७ किंवा d < ३. पहिल्यातून x > १० किंवा x < −४, दुसऱ्यातून ० < x < ६. तीन तुकडे. यात −४, ०, ६ आणि १० या चार संख्या मात्र कुठेच नाहीत. तिथे डावी बाजू बरोबर २ होते आणि दोन्ही असमता खोट्या ठरतात.