ओढायच्या नळाचं ओट्याखालचं वजन

स्वयंपाकघरातल्या सिंकवर बसवायचा ओढता नळ आता साध्या दुकानांतही मिळतो. नळाचं तोंड हातात धरून खाली ओढलं की त्यामागून नळी येते. कुकर, मोठं पातेलं, सिंकचे कोपरे, सगळीकडे पाणी पोचतं. हात सैल केला की तोंड परत जागेवर जाऊन बसतं. दुकानात बघताना आपण चकाकी आणि उंची बघतो. पण तोंड परत जागेवर जाईल की लोंबकळत राहील, हे ठरतं ओट्याखालच्या कपाटात.

नळाच्या आत स्प्रिंग नसते. वेणीसारख्या विणीचं आवरण असलेली लवचीक नळी तोंडापासून निघते, नळाच्या कमानीतून आणि उभ्या दांड्यातून ओट्याखाली उतरते, तिथे वळसा घेऊन पुन्हा वर चढते आणि नळातूनच खाली आलेल्या एका आखूड पाइपच्या टोकाला जोडली जाते. म्हणजे कपाटात नळीच्या दोन बाजू लोंबतात. एक हलती, जी तोंडाबरोबर वर-खाली होते, आणि दुसरी जोडाकडची, जिचं टोक स्थिर असतं. हलत्या बाजूवर दोन भागांचं एक वजन स्क्रूने किंवा खटक्याने आवळून बसवलेलं असतं. आपण ओढतो तेव्हा हे वजन वर येतं आणि सोडलं की स्वतःच्या भाराने नळी खाली खेचतं. यंत्रणा एवढीच आहे, पण तिला उभी मोकळी जागा लागते.

पहिला प्रश्न भोकाचा. सिंकच्या नळासाठी सर्वसाधारण भोक 35 मिलिमीटर व्यासाचं असतं. आपल्याकडच्या अनेक घरांत नळ भिंतीतून येतो, त्यामुळे सिंकला किंवा ओट्याला भोक नसतंच. ते पाडून घ्यावं लागतं आणि गरम-थंड पाण्याचे अँगल कॉकही सिंकखाली आणावे लागतात. ग्रॅनाइटमध्ये हिऱ्याच्या दातांचा 35 चा कोअर कटर पाणी सोडत, सावकाश चालवावा लागतो. घाईत दाब दिला तर खालच्या बाजूने कपचा उडतो. भोक पाडण्याआधी मागच्या भिंतीचं अंतर बघा. नळाचा दांडा मागे झुकणारा असेल तर तो भिंतीला अडून गरम पाणी पूर्ण सुरूच होत नाही.

या एका भोकातून चार गोष्टी खाली जातात: गरम आणि थंड पाण्याचे दोन कनेक्शन पाइप, बाहेर जाणाऱ्या पाण्याचा आखूड पाइप आणि ओढायची नळी. शिवाय नळ आवळून धरणारा आट्यांचा दांडा असतोच. कनेक्शन पाइपच्या खालच्या टोकाला अर्धा इंची नट असतो. असे दोन नट शेजारी-शेजारी धरले तर 35 मधून जात नाहीत, आणि तिथे जोर लावला की वीण चिरडते. म्हणून एक पाइप पूर्ण उतरवायचा, मग दुसरा. पाइपचं नळाकडचं टोक बहुधा रबरी रिंगवर पाणी अडवतं, त्यामुळे ते हाताने घट्ट करणं पुरतं. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळून पाना लावला की रिंग कापली जाते.

नळ बसला की खालून आधी रबरी वॉशर, त्यावर घोड्याच्या नालेसारखी धातूची पट्टी आणि मग नट. नट पूर्ण आवळण्यापूर्वी वरून एकाने नळ सरळ धरावा. भोक ग्रॅनाइटमध्ये असेल तर नळ भक्कम बसतो. पातळ पत्र्याच्या सिंकमध्ये असेल तर उंच नळ ओढताना पत्राच लवतो आणि नळ डुलतो. अशा वेळी पत्र्याखाली जाड आधारपट्टी घालावी. नट जास्त आवळून हा दोष जात नाही.

ओढायची नळी सगळ्यात शेवटी, कमानीच्या तोंडातून खाली सोडायची. जोडाला खटका असेल तर ‘टक्’ आवाज आल्यावर एकदा खाली खेचून खात्री करायची. त्यानंतर वजन.

ते कुठे बसवायचं, याचा एका ओट्यावर हिशेब करू. कपाटाच्या तळापासून ग्रॅनाइटच्या खालच्या बाजूपर्यंत 70 सेंटिमीटर मोकळी उंची आहे. नळी 150 सेंटिमीटर, त्यातली 55 नळाच्या आत. खाली उरतात 95. जोड ग्रॅनाइटपासून 30 खाली आहे. म्हणजे हलती बाजू जोडाकडच्या बाजूपेक्षा 30 ने लांब असणार: हलती साधारण 62, दुसरी 33. वळसा कपाटाच्या तळापासून जेमतेम 8 सेंटिमीटर वर राहतो. चालेल, पण खाली कचऱ्याचा डबा ठेवायला जागा नाही.

आता वजन वळशाच्या जरा वर, हलत्या बाजूवर, ग्रॅनाइटपासून 55 खाली आवळलं. वर नटाचा दांडा आणि वजनाची स्वतःची उंची सोडली तर तोंड साधारण 45 सेंटिमीटर बाहेर येईल. सिंकच्या तळाशी आणि शेजारच्या पातेल्यापर्यंत पोचायला एवढं पुरतं. तेच वजन 30 वर आवळलं तर वीस-बावीस सेंटिमीटरनंतर ते वर आपटून अडेल आणि नळी आखूड आहे असं वाटेल. उलट वळसा ओलांडून जोडाकडच्या बाजूला बसवलं तर आपण ओढू लागल्यावर सुरुवातीला ते जागचं हलतच नाही, म्हणून ओढतही नाही. तोंड शेवटचे चार बोटं लोंबत राहतं. नेमक्या वळशावर बसवलं तर त्याचा भार दोन्ही बाजूंत वाटला जातो आणि शेवटच्या टप्प्यात खेच निम्मी होते. कंपनीने नळीवर खूण किंवा चिकटपट्टी दिली असेल तर तिथून सुरुवात करावी, पण आपल्या कपाटाची उंची मोजून पडताळावं. वजन तळाला टेकत असेल तर त्याचा उपयोग संपला.

बिघाड ओळखायला कपाटाचं दार उघडं ठेवून एकाने वर ओढावं आणि दुसऱ्याने खाली बघावं. बहुतेक वेळा वजन बॉटल ट्रॅपच्या मागे, अँगल कॉकच्या चाकावर किंवा शुद्ध पाण्याच्या मशिनच्या बारीक नळीत अडकलेलं सापडतं. नळ्या बाजूला बांधून वजनाला सरळ उभा मार्ग करून दिला की तोंड आपोआप जागेवर बसू लागतं. वजन लाकडावर खडखडत असेल तर तेही याच तपासणीत कळतं.

दाबाचाही विचार खरेदीआधीच करावा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळापेक्षा 10 मीटर उंच असेल तर साधारण 1 बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावर, टाकी फक्त 3 मीटर वर असेल तर 0.3 बार. तिथे फवारा मरतुकडाच येणार, नळ कितीही महाग असो. खोक्यावर किमान दाब लिहिलेला असतो, तो वाचावा. तोंडात किंवा नळीच्या टोकाला उलटं पाणी रोखणारी झडप आहे ना, हेही विचारावं. तोंड भांड्यातल्या खरकट्या पाण्यात बुडालेलं असताना मुख्य पाणी गेलं, तर ते पाणी पाइपात मागे खेचलं जाऊ नये, याची ती तजवीज आहे.

गळतीची एक खोड मात्र प्लंबरलाही चकवते. कपाटात वजनाखाली थेंब पडलेले दिसले की सगळे खालचा जोड आवळायला धावतात. पण तोंड आणि नळी यांच्यातला वॉशर खराब झाला तरी पाणी नळीच्या बाहेरून, नळाच्या आतून ओघळत खाली येतं आणि वळशाच्या सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे वजनापाशीच टपकतं. म्हणून आधी नळी पूर्ण बाहेर ओढून कागदाने कोरडी करावी, तोंड सिंकमध्ये धरून पाणी सोडावं आणि ओल कुठून सुरू होते ते पाहावं. तोंडाच्या मानेपाशी नळी ओली झाली तर खालच्या जोडाला हात लावू नये. तोंड फिरवून सोडवावं, आतला वॉशर बदलावा आणि हातानेच परत आवळावं.