डेपोची गाडी की स्टँडची?

मूल पहिल्यांदा एकटं बसनं क्लासला निघतं तेव्हा घरच्यांचं सगळं लक्ष जाण्याकडे असतं. घरचं कोणीतरी थांब्यापर्यंत सोडायला येतं, बाहेर उजेड असतो, मूलही सावध असतं. चुकण्याची शक्यता खरी येताना. क्लास सुटेपर्यंत अंधार पडतो, पोटात भूक असते, थांब्यावर ऑफिसची गर्दी असते आणि समोर येईल त्या गाडीत चढावंसं वाटतं. त्यामुळे सराव करायचा तर तो परतीच्या वाटेचा आधी आणि जास्त करायला हवा.

पुण्यातलंच उदाहरण घेऊ. समजा, पौड रस्त्यावर आनंदनगरला राहणारी नववीतली मुलगी डेक्कनला क्लासला जाते. परतताना तिला ‘कोथरूड डेपो’ अशी पाटी असलेली पीएमपीची बस हवी. पण डेक्कनहून ‘कोथरूड स्टँड’च्याही गाड्या सुटतात. डेपो पौड रस्त्यावर आणि स्टँड कर्वे रस्त्याच्या बाजूला, म्हणजे ही दोन वेगळी ठिकाणं. गरवारे कॉलेज, नळ स्टॉप, पौड फाटा इथपर्यंत दोन्ही गाड्या एकाच रस्त्यानं जातात, त्यामुळे चुकीच्या बसमध्ये बसलेल्या मुलीला काहीच वावगं वाटत नाही. पौड फाट्याला रस्ते फुटतात. डेपोची गाडी पौड रस्त्याला लागते आणि स्टँडची कर्वे रस्त्यानेच पुढे कर्वे पुतळ्याकडे जाते.

म्हणून मुलीला सगळ्या थांब्यांची यादी पाठ करायला लावण्यापेक्षा ही एक फाट्याची जागा नीट दाखवावी. इथे एक ठळक खूणही आहे. २०२२ साली सुरू झालेल्या मेट्रोचा पूल पौड रस्त्याच्या डोक्यावरून जातो. पौड फाटा ओलांडल्यावरही मेट्रोचे खांब सोबत असतील तर गाडी बरोबर आहे. खांब मागे राहिले तर गाडी चुकली. पावसात काचा धूसर झाल्या, अंधार असला, तरी ही खूण दिसते. दुकानाची पाटी, एखादी हातगाडी, रंगवलेली भिंत अशा खुणा मात्र धरू नयेत, कारण त्या बदलतात आणि रात्री दिसत नाहीत. तुमच्या गावात मेट्रो नसेल, पण वाट फुटण्याची अशी जागा प्रत्येक मार्गावर असते. ती शोधणं हे पालकांचं पहिलं काम.

पाटी वाचण्याचाही सराव लागतो. बसवरचे आकडे बऱ्याचदा मराठीत असतात आणि इंग्रजी माध्यमातली मुलं १ आणि ९ मध्ये किंवा ५ आणि ६ मध्ये गोंधळतात. शिवाय एकाच नंबरची गाडी दोन्ही दिशांना जाते, म्हणून नंबर आणि शेवटचा थांबा असं दोन्ही वाचायचं. तरीही शंका राहिली तर चढताना कंडक्टरला “आनंदनगरला जाते का?” असं आपल्या थांब्याचं नाव घेऊन विचारायचं. “कोथरूडला जाते का?” असं विचारलं तर दोन्ही गाड्यांचे कंडक्टर हो म्हणतील, आणि दोघांचंही खरंच असेल.

सरावाच्या पायऱ्या साध्या आहेत. पहिल्यांदा दोघांनी शेजारी बसून जायचं, मोठ्यांनी बोलून दाखवायचं. पुढच्या वेळी मुलीनं पुढे व्हायचं: गाडी तिनं ओळखायची, तिकीट तिनं काढायचं, उतरायची वेळ तिनं सांगायची. त्यानंतर आई किंवा बाबा त्याच बसमध्ये, पण लांबच्या सीटवर बसतात आणि काही बोलत नाहीत. ही पायरी मोठ्यांना जड जाते, कारण मुलगी चुकीच्या क्षणी उठली तरी गप्प राहायचं असतं. शेवटी तिला डेक्कनला बसवून न देता आपण आनंदनगरच्या थांब्यावर उभं राहायचं. हा सराव रविवारी दुपारी रिकाम्या बसमध्ये करून भागत नाही. क्लास सुटतो त्याच वेळी, त्याच गर्दीत करावा लागतो, तेव्हाच कळतं की आपल्या थांब्याच्या एक थांबा आधीच दाराकडे सरकायला हवं.

उतरल्यावरची एक गोष्ट वेगळी घोटून घ्यावी. थांबलेल्या बसच्या पुढून रस्ता ओलांडायचा नाही. बसला ओलांडून येणाऱ्या दुचाकीला आपण दिसत नाही आणि आपल्याला ती दिसत नाही. बस निघून जाऊ द्यायची, मग सिग्नलवरून जायचं.

आता चुकण्याचा सराव. एके दिवशी दोघांनी मिळून मुद्दाम ‘कोथरूड स्टँड’च्या गाडीत बसावं. पौड फाट्यानंतर खांब दिसेनासे झाले की मुलीला विचारावं, “आता काय करशील?” उत्तर तिनं शोधायचं, पण क्रम ठरलेला असावा. घाबरून चालत्या गाडीतून उतरायचं नाही. कंडक्टरला सांगायचं आणि पुढच्या थांब्याला उतरायचं. उतरल्यावर थांबा सोडून चालू लागायचं नाही. मुलं हरवतात ती बहुधा या दुसऱ्या चुकीमुळे, म्हणजे जवळचा रस्ता शोधायला अनोळखी गल्लीत शिरल्यामुळे. थांब्यावर उभं राहून घरी फोन करायचा आणि थांब्याच्या पाटीवरचं नाव, समोर दिसणारी मोठी जागा आणि आपण रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहोत, एवढं सांगायचं. मग रस्ता ओलांडून उलट्या दिशेच्या बसनं पौड फाट्याला परत यायचं, की तिथंच थांबून घरच्यांची वाट बघायची, हे फोनवर एकदा ठरवायचं. ठरलेलं मध्येच बदलायचं नाही. नाहीतर बाबा कर्वे पुतळ्याला पोचतात आणि मुलगी पौड फाट्याला.

फोन बंद पडला तर काय, याचीही तालीम हवी. आजच्या बऱ्याच मुलांना आईचा नंबर तोंडपाठ नसतो. दोन नंबर पाठ करून घ्यावेत आणि कागदावर लिहून दप्तरात ठेवावेत. रिक्षापुरते पैसे आणि थोडे सुट्टे वेगळ्या कप्प्यात असावेत. मदत मागायची ती कंडक्टरकडे, पोलीस चौकीत किंवा उघड्या औषधाच्या दुकानात. “मी सोडतो” म्हणणाऱ्या अनोळखी माणसाच्या गाडीवर बसायचं नाही, तो कितीही भला दिसला तरी. दुकानदाराच्या फोनवरून घरी बोलता येतं. घरचं कोणीच उचलत नसेल तर आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

गर्दीत कोणी अंगचटीला आलं तर मुलीनं किंवा मुलानं मोठ्यानं “हात काढा” म्हणायचं आणि कंडक्टरजवळ जाऊन उभं राहायचं. हे वाक्यही घरी मोठ्या आवाजात म्हणून बघावं. न उच्चारलेलं वाक्य ऐन वेळी तोंडातून फुटत नाही. उशीर झाला तरी चालेल, खचाखच भरलेली गाडी सोडायची, अशी मोकळीक घरातून आधीच मिळालेली असावी.

मूल तयार झालं हे कसं ओळखायचं? ते एकदाही चुकलं नाही, यावरून काहीच कळत नाही. चुकीची गाडी तुम्ही न सांगता त्याच्या लक्षात आली आणि पुढचं पाऊल त्यानं स्वतः उचललं, तर ते तयार आहे. अर्थात ही तयारी एका मार्गापुरती असते. गणेशोत्सवात रस्ते बंद होऊन बस दुसरीकडून वळवल्या जातात, रस्त्याच्या कामासाठी थांबा हलतो, क्लासची वेळ बदलते. असं काही झालं की परतीची एक फेरी पुन्हा दोघांनी मिळून करावी.