सहकाऱ्याची ज्युपिटर नोटबुक कशी वाचावी? सांताक्रूझच्या पावसाचं उदाहरण

२६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, हे सगळ्यांना आठवतं. पण हवामान खात्याच्या रोजच्या पावसाच्या नोंदीत सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर हा आकडा २७ जुलैसमोर दिसतो. यात चूक काहीच नाही. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. त्या वेळी मोजलेला पाऊस हा मागच्या २४ तासांचा असतो आणि तो मोजणीच्या तारखेवर लिहिला जातो.

ज्याला हे माहीत नाही, त्याच्या हिशोबात सगळा पाऊस एक दिवस पुढे सरकतो. कोड नीट चालतो, आलेखही सुबक येतो, पण उत्तर भलतंच निघतं. म्हणूनच दुसऱ्याची ज्युपिटर नोटबुक वाचताना नुसता कोड समजून भागत नाही. त्यामागे काय गृहीत धरलंय, तेही शोधावं लागतं.

उदाहरण काय आहे?

समजा, अंधेरीतल्या एका ऑफिसला पावसाळ्यात किती दिवस घरून काम द्यावं लागेल, हे ठरवायचंय. एका सहकाऱ्याने मागच्या पावसाळ्याची सांताक्रूझची आकडेवारी घेऊन नोटबुक बनवली आणि ती पुढच्या माणसाकडे सोपवली. शेवटी उत्तर दिसतं: जोरदार पावसाचे ७ दिवस. या सातवर विश्वास ठेवायचा का?

ज्युपिटर नोटबुक म्हणजे एकाखाली एक मांडलेले चौकोन. त्यांना सेल म्हणतात. काही सेलमध्ये कोड असतो, काहींमध्ये साधा मजकूर. कोडच्या सेलखाली त्याचं उत्तर, म्हणजे आउटपुट, दिसतं. या नोटबुकमधले महत्त्वाचे सेल असे आहेत:

```python
[1]  df = pd.read_csv("santacruz.csv", parse_dates=["date"])
[2]  df["rain"] = df["rain"].fillna(0)
[9]  LIMIT = 64.5
[4]  len(df[df["rain"] >= LIMIT])
     7
```

आधी डावीकडचे आकडे बघा

चौकटी कंसातला आकडा म्हणजे तो सेल कितव्या क्रमाने चालवला गेला, हे सांगणारी खूण. इथे मर्यादा ठरवणारा सेल नवव्या क्रमाने चालला आणि दिवस मोजणारा चौथ्या. म्हणजे मोजणी झाली तेव्हा `LIMIT` मध्ये आधीचा काहीतरी आकडा होता. नंतर सहकाऱ्याने तो बदलून ६४.५ केला, पण मोजणी पुन्हा केली नाही. पडद्यावरचं ७ हे उत्तर त्या जुन्या मर्यादेचं आहे.

असं होऊ शकतं, कारण आउटपुट नोटबुकच्या फाइलमध्येच साठवलेलं असतं. कोड बदलला म्हणून ते आपोआप बदलत नाही.

खात्री करण्याचा उपाय सोपा आहे. मूळ फाइलची प्रत काढायची आणि त्या प्रतीत `Restart Kernel and Run All Cells` निवडायचं. त्यामुळे आधीची सगळी स्मृती पुसली जाते आणि सेल वरून खाली ओळीने चालतात. समजा, आता उत्तर ७ ऐवजी १४ आलं. मूळ प्रत हाताशी असल्याने फरक लगेच कळतो. मधेच एखादा सेल अडला, तर तोही एक पुरावाच. त्याला लागणारी एखादी गोष्ट खालच्या किंवा आता काढून टाकलेल्या सेलमध्ये होती, असा त्याचा अर्थ असू शकतो.

कोरी जागा म्हणजे शून्य पाऊस?

आता दुसरा सेल. `fillna(0)` म्हणजे जिथे नोंद नाही, तिथे शून्य भरा. एका छोट्या ओळीत केवढं मोठं गृहीतक दडलंय! पाऊस न पडणं आणि त्याची नोंद न होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

किती जागा कोऱ्या होत्या, हे शून्य भरण्याआधीच बघायला हवं. त्यासाठी प्रतीत पहिल्या सेलनंतर एक नवा सेल घालायचा:

```python
df["rain"].isna().sum()
```

समजा, उत्तर ९ आलं. जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस, म्हणजे खरी नोंद फक्त ११३ दिवसांची. एकूण पाऊस २,२६० मिलिमीटर असेल, तर नोंद असलेल्या दिवसांची सरासरी २० येते. कोऱ्या जागी शून्य भरलं की ती साडेअठरावर उतरते. बेरीज मात्र दोन्ही वेळा तेवढीच, त्यामुळे नुसती बेरीज तपासून हा घोळ सापडत नाही. जोरदार पावसाच्या दिवसांचं प्रामाणिक उत्तरही ‘१४’ असं नाही. ते ‘किमान १४, आणि ९ दिवसांची माहिती नाही’ असं आहे.

तारीख कोणती धरायची?

आता सुरुवातीच्या मुद्द्याकडे. पुढच्या सेलमध्ये सहकाऱ्याने पावसाचा तक्ता आणि ऑफिसची हजेरी तारखेवरून जोडली आहे. हे बरोबर की चूक? ते प्रश्न काय आहे, यावर अवलंबून आहे.

लोक सकाळी उशिरा का पोहोचले, हे शोधायचं असेल, तर रात्रीचा आणि पहाटेचा पाऊस महत्त्वाचा. तो त्याच तारखेच्या नोंदीत येतो, त्यामुळे जोडणी साधारण ठीक आहे. पण संध्याकाळी घाटकोपर किंवा मुलुंडला परतताना लोक का अडकले, हे बघायचं असेल, तर दुपारचा पाऊस हवा. तो दुसऱ्या दिवसाच्या नोंदीत असतो. मग तारीख एक दिवस मागे घ्यावी लागते:

```python
df["date"] = df["date"] - pd.Timedelta(days=1)
```

तरीही हा पाऊस २४ तासांचा एकत्र आकडा आहे. तो दुपारी पडला की मध्यरात्री, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी तासावार नोंदीच लागतात. शिवाय फाइल तयार करणाऱ्याने तारखा आधीच सरकवल्या नाहीत ना, हेही बघायला हवं. २००५ चा डेटा असेल, तर ९४४ चा आकडा कोणत्या तारखेसमोर आहे, यावरून ते चटकन ओळखता येतं.

सांताक्रूझ म्हणजे मुंबई नव्हे

त्याच २४ तासांत कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर पाऊस झाला होता. आता गंमत बघा. हवामान खात्याच्या वर्गवारीत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार पाऊस धरतात. म्हणजे या नोटबुकच्या हिशोबाने त्या दिवशी कुलाबा आणि सांताक्रूझ दोन्हीकडे ‘एक जोरदार दिवस’ मोजला जाईल. ७३ असो की ९४४, खूण एकच.

यातून दोन गोष्टी तपासायला हव्यात. अंधेरीच्या ऑफिसला सांताक्रूझचं केंद्र जवळचं आहे, पण कर्मचारी बोरिवली आणि मुलुंडहूनही येतात. त्यांच्याकडचा पाऊस या फाइलमध्ये नाही. आणि लोकल ६४.५ मिलिमीटरला थांबतात, असं नोटबुकमध्ये कुठेही सिद्ध केलेलं नाही. पावसाच्या वर्गवारीतला आकडा सहकाऱ्याने प्रवास बिघडण्याची मर्यादा म्हणून उचलला आहे. तो तसा का उचलला, हे कोडमध्ये सापडणार नाही. ते त्यालाच विचारावं लागेल.

विचारताना ‘हे चुकलंय’ म्हणण्यापेक्षा नेमके प्रश्न न्यावेत: नव्याने चालवल्यावर ७ चे १४ झाले, कोणती मर्यादा धरायची? त्या ९ कोऱ्या दिवसांचं काय करायचं? हजेरी सकाळची बघायची की संध्याकाळची? उत्तरं मिळाली, की ती त्या त्या सेलच्या वर मजकुराचा सेल घालून लिहून ठेवावीत. पुढच्या पावसाळ्यात हीच नोटबुक तिसऱ्याच कोणाच्या तरी हातात असेल.