उजवा गुडघा, डाव्या हातात काठी

सकाळच्या वेळी एखाद्या बागेत काठी टेकत फिरणाऱ्यांकडे जरा निरखून पाहिलं, तर एक गोष्ट लक्षात येते. उजव्या पायाने लंगडणाऱ्या अनेकांच्या उजव्याच हातात काठी असते. दुखऱ्या पायाला आधार द्यायचा तर तो त्याच बाजूने द्यावा, असं कुणालाही सहज वाटतं. त्यात बहुतेकांचा उजवा हात जोरकस, त्यामुळे काठी आपोआप त्याच हातात जाते. प्रत्यक्षात ती हवी असते दुसऱ्या हातात. उजवा पाय दुखत असेल तर काठी डाव्या हातात, डावा दुखत असेल तर उजव्या.

त्याचं कारण आपल्या चालण्यातच आहे. प्रत्येक पावलाला काही क्षण सगळं शरीर एकाच पायावर तोललेलं असतं. उजव्या पायावर भार असतो तेव्हा डोकं, धड, हात आणि उचललेला डावा पाय या सगळ्यांचं वजन उजव्या खुब्याच्या सांध्यापासून डावीकडे पडतं आणि कंबर डावीकडे कलू पाहते. ती कलू नये म्हणून उजव्या खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू तिला ओढून धरतात. हे स्नायू सांध्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात आणि शरीराचं वजन त्याच्या साधारण दुप्पट अंतरावर. त्यामुळे त्यांना वजनाच्या जवळपास दुप्पट ताकद लावावी लागते. वजन आणि ही ओढ, दोन्ही सांध्यावरच येतं. साठ किलोंच्या व्यक्तीच्या खुब्यावर दर पावलाला दीडशे किलोंहून अधिक दाब येतो तो असा.

आता डाव्या हातात काठी द्या. ती उजव्या सांध्यापासून सुमारे पन्नास सेंटिमीटर दूर टेकते, म्हणजे स्नायूंच्या दहापट अंतरावर. हातातून पाच किलोंचा रेटा दिला, तर कागदावरच्या हिशेबाने स्नायूंची पन्नास किलोंची ओढ वाचते. प्रत्यक्ष चालण्यात फायदा याहून कमी असतो, पण जाणवण्याइतका नक्कीच असतो. हीच काठी उजव्या हातात असेल, तर तिचा रेटा कंबरेला आणखी डावीकडे कलवतो. मग तोल सावरण्यासाठी माणूस सगळं धड उजवीकडे झोकून चालतो. अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद वॉल्टर ब्लाउंट यांनी १९५६ साली एका लेखात हाच हिशेब मांडून काठीची बाजू घेतली होती. गुडघ्याच्या बाबतीतही विरुद्ध हातातली काठी सांध्याच्या आतल्या बाजूवरचा भार कमी करते, आणि आपल्याकडे गुडघ्यांची झीज बहुधा तिथेच जास्त होते.

बाजू बरोबर साधली तरी लय चुकली की काठी नुसती सोबत फिरते. काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे जायला हवेत आणि एकाच वेळी टेकायला हवेत. मग काठीवर भार देऊन चांगला पाय पुढे टाकायचा. काठी फार पुढे टाकू नये, ती दुखऱ्या पायाच्या रेषेतच आणि शरीरापासून चार-सहा इंच बाजूला असावी. ज्यांचे दोन्ही गुडघे दुखतात, त्यांनी जास्त दुखणाऱ्याच्या विरुद्ध हातात काठी धरावी. अर्धांगवायूनंतर तर प्रश्नच उरत नाही, काठी धडक्या हातात जाते आणि तोच हात कमजोर पायाच्या विरुद्ध असतो.

उंचीचा घोळ मात्र घरोघरी दिसतो. समजा, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, पाच फूट उंचीच्या एका आजींचा उजवा खुबा दुखतो आणि घरात आजोबांची जुनी ३६ इंची लाकडी काठी पडून आहे. ती आजींच्या हाती दिली जाते. दोन दिवसांत आजींचा खांदा दुखू लागतो आणि काठी कोपऱ्यात जाते. ‘‘मला नाही बाई जमत काठी,’’ असं त्या म्हणतात, आणि घरच्यांना तो हट्ट वाटतो. खरं तर चूक मापाची असते.

माप घ्यायला दोन मिनिटं पुरतात. आजींना सरळ उभं करायचं, हात बाजूला सैल सोडायचे आणि समोर बघायला सांगायचं. मनगटाच्या आतल्या बाजूला, तळवा जिथे सुरू होतो तिथे, आडवी सुरकुती असते. जमिनीपासून त्या सुरकुतीपर्यंतचं अंतर म्हणजे मुठीच्या माथ्याची उंची. पाच फुटी व्यक्तीला ते २८ इंचांच्या आसपास येतं. म्हणजे आजोबांची काठी आजींना तब्बल आठ इंच जास्त उंच होती! मापात बसलेली काठी धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं, साधारण पंधरा ते वीस अंश. काठी उंच असेल तर खांदा कानाकडे चढतो. आखूड असेल तर शरीर त्या बाजूला झुकतं आणि कंबर धरते. हे दोन्ही समोरून पाहणाऱ्याला लगेच दिसतं, चालणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. म्हणून माप दुसऱ्याने घ्यावं.

आपल्या घरांत यात एक खाच आहे. माप जे पायताण घालून चालणार, ते घालूनच घ्यावं लागतं आणि आपल्याकडे घरात अनवाणी, बाहेर चपला. चपलेची टाच इंचभर जाड असेल तर तेवढाच फरक मनगटाच्या उंचीत पडतो. सर्जिकलच्या दुकानात मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या काठीला कमी-जास्त करायला भोकं आणि दाबायचं बटण असतं. दोन भोकांत साधारण इंचाचंच अंतर असल्याने चपलेसाठी एक भोक वर, अनवाणी एक भोक खाली, असा सोपा हिशेब बसतो. बटण भोकातून पूर्ण बाहेर आलंय ना, हे दरवेळी बोटाने चाचपावं. खाली आवळायची कडी असेल तर तीही घट्ट करावी. लाकडी काठी कापायची असेल तर तळाचं रबर काढून काठी उलटी, मूठ जमिनीवर टेकवून धरावी आणि मनगटाशी खूण करावी. मग रबराच्या तळाची जाडी, साधारण एक सेंटिमीटर, वजा करून सुताराकडून कापून घ्यावी.

मुठीबद्दल एवढंच, की छत्रीच्या मुठीसारखी गोल वळलेली मूठ हातावर अडकवायला सोयीची असली, तरी भार देताना तळव्यात रुतते. ज्यांना खरोखर वजन टाकायचं आहे त्यांना आडवी, रुंद मूठ बरी. तळव्याच्या आकाराची मूठ घेताना ती डाव्या हाताची आहे की उजव्या, हे दुकानातच धरून पाहावं. बोटांना मुंग्या येऊ लागल्या तर मूठ बदलायला हवी.

जिना ही खरी परीक्षा. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आजींनी काय करावं? फिजिओथेरपिस्ट सगळ्यांना एक सूत्र पाठ करायला लावतात: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. चढताना जो पाय वरच्या पायरीवर जातो, तोच सगळं शरीर वर उचलतो, म्हणून ते काम चांगल्या पायाचं. उतरताना मागे, वरच्या पायरीवर राहिलेला पाय हळूहळू वाकत शरीर खाली सोडतो. हे कामही जड, म्हणून तेही चांगल्या पायालाच द्यायचं.

आता आजींचा जिना बघू. चढताना कठडा उजव्या हाताला आहे. त्यांनी उजव्या हाताने कठडा धरायचा, काठी डाव्या हातात. आधी डावा, म्हणजे चांगला पाय वरच्या पायरीवर. त्यावर उभं राहून मग उजवा पाय आणि काठी त्याच पायरीवर आणायची. दोन्ही पाय एका पायरीवर आले की क्षणभर थांबून पुढची पायरी. उतरताना तोच कठडा डाव्या हाताला येतो, मग काठी उजव्या, म्हणजे दुखऱ्या बाजूच्या हातात घ्यावी लागते. सपाट जमिनीवरचा नियम इथे मोडला तरी चालतो, कारण जिन्यावर पक्का कठडा काठीपेक्षा मोठा आधार आहे. आधी काठी खालच्या पायरीवर, पाठोपाठ उजवा पाय, शेवटी डावा.

सोबत नातू असेल तर त्याने चढताना आजींच्या मागे आणि उतरताना पुढे, दोन्ही वेळा एक पायरी खाली राहावं. वरून दंड धरून ओढणारी मदत तोल घालवते. आधार द्यायचाच तर कमरेशी द्यावा आणि काठीचा हात मोकळा ठेवावा. साडीच्या निऱ्या, लुंगी किंवा धोतर घोट्याच्या वर खोचलेलं असावं.

काठीवर एका हाताने देता येईल एवढा आधार पुरत नसेल, शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल किंवा तोलच जात असेल, तर वॉकर लागतो. त्याच्या उंचीचं माप तेच, मनगटाची सुरकुती. वॉकर अर्ध्या हाताच्या अंतरावर पुढे ठेवायचा, चारही पाय जमिनीला टेकल्याची खात्री करायची, मग दुखरा पाय चौकटीच्या आत आणि त्यापाठोपाठ चांगला. सर्रास होणारी चूक म्हणजे वॉकर लांब ढकलून त्याच्यामागे वाकून चालणं. पावलं चौकटीच्या मागेच राहत असतील आणि पाठीला बाक येत असेल, तर एक तर वॉकर कमी उंचीचा आहे, नाही तर तो फार पुढे टाकला जातोय. उलट टोकाला, पुढच्या आडव्या नळीपर्यंत चालत गेलं तर माणूस मागे कलंडू शकतो.

खुर्चीतून उठताना वॉकर धरून स्वतःला ओढायचं नाही, तो उलटतो. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर दाबून उठायचं आणि सरळ उभं राहिल्यावरच वॉकर धरायचा. बसताना पायांच्या मागे खुर्ची लागेपर्यंत मागे सरकायचं, मग हात मागे नेऊन खुर्ची चाचपायची. घडीचा वॉकर उघडल्यावर दोन्ही बाजूंना ‘खट्’ असा आवाज यायला हवा. जिन्यावर वॉकर नेऊ नये. कठडा धरून चढावं आणि वॉकर दुसऱ्याने वर आणून द्यावा. खरेदीआधी न्हाणीघराच्या दाराची रुंदी मोजून जावं, कारण घरी आणलेला वॉकर नेमका तिथेच अडतो आणि पडण्याचा धोका ओल्या फरशीवरच जास्त असतो.

तळाच्या रबराकडे महिन्यातून एकदा तरी काठी उलटी करून पाहायला हवं. त्यावरची वर्तुळं झिजून गुळगुळीत झाली असतील, रबराला चीर गेली असेल किंवा चालताना धातूचा टकटक आवाज येत असेल, तर नवं रबर बसवावं. एकच कड झिजली असेल तर काठी तिरकी टेकली जाते आहे, बहुधा शरीरापासून लांब. नवं रबर आणायला काठी सोबत न्यावी, कारण नळ्यांची जाडी वेगवेगळी असते आणि सैल रबर ओल्या शहाबादी फरशीवर निसटतं.

खर्चाची अडचण असलेल्यांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. तिच्यात कानपूरच्या ‘अलिम्को’मार्फत काठ्या आणि वॉकर मोफत दिले जातात. महाराष्ट्रात २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. तिच्यात पासष्ट वर्षांवरील पात्र व्यक्तींना अशी साधनं घेण्यासाठी तीन हजार रुपये बँक खात्यात मिळतात. शिबिरात वाटलेली काठी बहुधा जशी डब्यातून निघते तशीच हातात पडते. तिचं बटण दाबून मनगटाशी उंची जुळवणं आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात देणं, हे काम घरच्यांनी त्याच दिवशी करायचं असतं.