विळी, जिन्याची पाटी आणि साडेचार तासांचा फरक

माझा भाचा पुण्याहून जर्मनीतल्या श्टुटगार्टला गेला, तेव्हा कोणीतरी त्याला 'परदेशात कसं राहावं' छापाचं एक जाडजूड पुस्तक भेट दिलं. बँक खातं कसं उघडायचं, घराचा करार कसा वाचायचा, दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी कशी करायची, हे सगळं त्यात होतं आणि ते उपयोगीही पडलं. नोव्हेंबरात त्याचा फोन आला, "मामा, सगळी कामं झाली. आता काय करायचं तेच कळत नाही."

त्या प्रश्नावर लिहिलेली पुस्तकं आहेत, आणि चांगली आहेत. गोंधळ एवढाच होतो की परदेशी नोकरीला गेलेल्या माणसाला तीन वेगळी दुखणी होतात आणि आपण तिन्हींना 'घरची आठवण येते' हे एकच नाव देतो. माणसं काय बोलतात त्याचा अर्थ न लागणं हे पहिलं. भोवती कोणी नसणं हे दुसरं. आणि घराची ओढ हे तिसरं. तिन्हींची पुस्तकं वेगळी, उपायही वेगळे.

सुरुवात कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञापासून करावी लागते. 1954 साली रिओ द जानेरोत त्याने परदेशी येऊन राहिलेल्या लोकांपुढे एक भाषण केलं. 'कल्चर शॉक' हा शब्द आज सगळ्यांच्या तोंडी आहे तो मुख्यतः त्याच्यामुळे. त्याने चार टप्पे सांगितले: नवलाई, वैताग, सावरणं आणि रुळणं. नवलाई काही दिवसांपासून सहा महिन्यांपर्यंत टिकते, असं तो म्हणाला. आपल्याकडच्या परदेशाविषयीच्या पुस्तकांत प्रवासवर्णनं सर्वांत जास्त. 'अपूर्वाई' वाचत मोठ्या झालेल्या पिढ्या आहेत. पण प्रवासी सहसा नवलाई ओसरायच्या आत परततो. नोकरीला गेलेल्याची खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते.

वैतागाच्या टप्प्याची ओबर्गने दिलेली लक्षणं अजून शिळी झालेली नाहीत. पाणी आणि अन्न यांची अवाजवी काळजी, सारखे हात धुणं, शून्यात नजर लावून बसणं, जरा उशीर झाला की संताप. त्यात एक लक्षण फार मार्मिक आहे. अशा वेळी माणूस आपल्या देशबांधवांच्या टोळक्यात शिरतो आणि तिथे यजमान देशाची एकसुरी निंदा चालते. 'हे लोक असेच' या वाक्याने सुरू होणाऱ्या गप्पा म्हणजे त्याच्या लेखी दुखण्याची खूण. बरं वाटू लागल्याची खूणही त्याने सांगितली आहे: विनोदबुद्धी परत येते आणि माणूस स्वतःच्या फजितीवर हसू लागतो.

या टप्प्यांना आलेखाचं रूप मिळालं ते पुढच्या वर्षी. स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत राहून आलेल्या 200 नॉर्वेजियन शिष्यवृत्तीधारकांशी बोलून पाहिलं. सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले बरे होते, अठरा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलेही बरे होते, मधल्यांची अवस्था वाईट होती. त्यातून इंग्रजी 'यू' अक्षरासारखा आलेख निघाला आणि नंतरच्या असंख्य पुस्तकांत तो जसाच्या तसा छापला गेला.

पण ही वेगवेगळी माणसं होती. एकाच माणसाचा पहिल्या दिवसापासून माग घेतलेला नव्हता. पुढे कॉलीन वॉर्ड आणि तिच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांना आल्यावर चोवीस तासांत, आणि मग वर्षभर ठरावीक अंतराने तेच प्रश्न विचारले. त्रास सर्वांत जास्त निघाला तो अगदी सुरुवातीला. नवलाईचा पत्ताच नव्हता. वॉर्ड, बॉख्नर आणि फर्नहॅम यांच्या 'द सायकॉलॉजी ऑफ कल्चर शॉक' या 2001 च्या पुस्तकात या आलेखाची चांगलीच उलटतपासणी आहे. तेव्हा टप्पे ओळखीसाठी वापरावेत, वेळापत्रक म्हणून वापरू नयेत. सहाव्या महिन्यात वर यायला हवं होतं आणि आलो नाही, म्हणून आपल्यात काही खोट आहे, असं समजण्याचं कारण नाही.

आता भाच्याचं पहिलं दुखणं. एका बैठकीत त्याच्या वरिष्ठाने सगळ्यांसमोर सांगितलं, हे गणित पूर्णपणे चुकलेलं आहे. तो रात्रभर जागा राहिला. दुसऱ्या दिवशी तोच वरिष्ठ कँटीनमध्ये हसून बोलला, तेव्हा हा आणखीच गोंधळला. एरिन मेयर यांचं 'द कल्चर मॅप' (2014) हे पुस्तक नेमकं इथे कामाचं आहे. आठ पट्ट्यांवर त्या देशांची तुलना करतात आणि त्यातली एक पट्टी आहे चूक कशी दाखवली जाते याची. जर्मन किंवा डच माणूस टीका करताना 'पूर्णपणे', 'अजिबात' असे जोर वाढवणारे शब्द घालतो. आपण 'जरा', 'थोडंसं', 'बघ ना एकदा' असे जोर कमी करणारे शब्द घालतो. म्हणून त्याचं साधं वाक्य आपल्याला थोबाडीत मारल्यासारखं लागतं, आणि आपली कडक सूचना त्याच्या कानावरून जाते.

याची दुसरी बाजू क्रेग स्टोर्टी यांच्या 'स्पीकिंग ऑफ इंडिया' (2007) या पुस्तकात आहे. हे भारतीयांबरोबर काम करणाऱ्या पाश्चात्त्यांसाठी लिहिलेलं आहे आणि म्हणूनच आपण वाचावं. आपला 'हो' त्यांना कसा ऐकू येतो ते त्यात कळतं. भाच्याने एका कामाला 'हो, करतो' म्हटलं होतं. त्याच्या मनातला अर्थ 'ऐकलं, प्रयत्न करतो' असा होता. समोरच्याने तारीख लिहून घेतली. शुक्रवारी काम झालं नव्हतं आणि ते होणार नाही हे आधी सांगितलं नव्हतं. राग आला तो दुसऱ्या गोष्टीचा. मेयर काय किंवा स्टोर्टी काय, देशाची सरासरी सांगतात. समोर बसलेला माणूस सरासरीचा असेलच असं नाही. पण रात्रभर जागायचं की नाही, एवढं ठरवायला ती सरासरी पुरते.

दुसरं दुखणं एकटेपणाचं. इथे रॉबर्ट वाइस यांचं 1973 चं 'लोनलीनेस' हे पुस्तक अजून पायाभूत आहे. त्यांनी एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले. एक जिवलगाच्या अभावाचा, दुसरा ओळखीपाळखीच्या, गोतावळ्याच्या अभावाचा. त्यांचं महत्त्वाचं म्हणणं असं की एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. आईशी रोज तासभर बोललात तरी जिन्यात 'काय, आज लवकर?' म्हणणारा शेजारी त्यातून मिळत नाही.

हे भाच्याच्या दिवसाला लावून पाहिलं तेव्हा गाठ कुठे बसली आहे ते दिसलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतली घड्याळं तासभर मागे जातात आणि भारताशी फरक साडेतीनऐवजी साडेचार तासांचा होतो. तिथे संध्याकाळी सहा, म्हणजे पुण्यात साडेदहा. आई झोपायच्या आत बोलायचं म्हणून हा ऑफिसातून धावत घरी यायचा. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, त्यामुळे फोन झाला की पुन्हा बाहेर पडावंसं वाटायचं नाही. आणि नेमक्या त्याच वेळी त्याचे सहकारी आपापल्या मंडळांत जात होते. जर्मन माणूस ऑफिसात सहसा मैत्री करत नाही, तो ती क्लबात, गायनवृंदात, खेळाच्या मैदानावर करतो. हा रोज ती वेळ फोनवर घालवत होता.

आम्ही फोनची वेळ बदलली. जेवणाच्या सुट्टीत साडेबाराला, म्हणजे पुण्यात पाच वाजता, आईच्या चहाच्या वेळी दहा मिनिटं. सावकाश बोलणं रविवारी सकाळी. दोन संध्याकाळी बॅडमिंटनला. पहिले दोन महिने तिथेही कोणी फारसं बोललं नाही. पण दर मंगळवारी तीच माणसं भेटत राहिली आणि तिसऱ्या महिन्यात एकाने येण्याजाण्यासाठी गाडीत जागा दिली.

श्टुटगार्टच्या भागात आणखी एक प्रथा आहे, केरवोखं. म्हणजे जिना झाडण्याची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक पाटी लटकते. भाच्याला ती जाहिरात वाटली. आठवड्याअखेर शेजारच्या आजीबाईंनी बेल वाजवून झाडू दाखवला. तो शरमला, पण इमारतीतली त्याची पहिली ओळख ती. हे त्याने जानेवारीत हसत सांगितलं, तेव्हा मला ओबर्गची विनोदबुद्धीची खूण आठवली.

तिसरं दुखणं घराच्या ओढीचं. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द 1688 साली बाझलमध्ये योहान्नेस होफर याने वैद्यकीय प्रबंधासाठी घडवला, तो रोगाचं नाव म्हणून. खात्रीचा उपाय त्याला एकच दिसत होता: रोग्याला घरी पाठवणं. तीनशे वर्षांनंतर शर्ली फिशर यांच्या 'होमसिकनेस, कॉग्निशन अँड हेल्थ' (1989) या पुस्तकात चित्र जास्त बारकाईने येतं. ही ओढ मन रिकामं असताना उफाळते, कामात गुंतलं की मागे सरते. आणि जाण्याचा निर्णय आपला नव्हता असं ज्यांना वाटतं, त्यांना ती जास्त छळते. घरच्यांच्या आग्रहाने गेलेल्या मुलांच्या आईवडिलांनी हे वाचायला हवं.

पण या दुखण्याला मला शास्त्रापेक्षा कथा जास्त लागू पडलेल्या दिसतात. झुंपा लाहिरी यांच्या 'इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज' (1999) मधली मिसेस सेन अमेरिकेत जमिनीवर बसून बोटीवर भाजी चिरते. बोटी म्हणजे आपली विळीच. कोलकात्याला लग्नघरी बायका जमून रात्रभर भाजी चिरत, त्या आवाजाशिवाय तिला झोप येत नाही. घराची आठवण ही कितीदा तरी माणसांपेक्षा आवाजांची असते, हे या कथेतून कळतं. याच संग्रहातल्या शेवटच्या कथेतला तरुण 1969 मध्ये बोस्टनला ग्रंथालयात नोकरीला येतो, दूध आणि कॉर्नफ्लेक्स खाऊन राहतो आणि एका शंभरी ओलांडलेल्या बाईकडे खोली घेतो. कोणताही चमत्कार न होता तो रुळतो. या कथेत उपदेश नाही, आणि रात्री अकरा वाजता उपदेश नकोच असतो.

पुस्तकांची हद्द कुठे संपते तेही सांगायला हवं. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, ऑफिस टाळावंसं वाटतं, फोन उचलवत नाही, अशी अवस्था आली तर तो कल्चर शॉकचा टप्पा समजून वाट पाहू नये. डॉक्टरकडे जावं.

तुमच्या घरातलं कोणी निघालं असेल तर मेयर आणि स्टोर्टी जायच्या आधी वाचायला द्या. लाहिरी बॅगेत ठेवा, ती केव्हा उघडायची हे त्यांचं त्यांना कळेल. आणि लोणचं-मेतकूट भरून झालं की तुमच्या फोनची वेळ त्यांच्या संध्याकाळवर पडत नाही ना, एवढं घड्याळ लावून बघा.